दोन बदलांमधले दहा तास

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी असलेल्या प्रत्येक डोमेनमध्ये krbtgt नावाचे एक खाते असते. ते कायम निष्क्रिय असते आणि त्याने कोणी कधी लॉगिन करत नाही. डोमेन तयार झाले त्या दिवशी ते आपोआप जन्माला येते, आणि कित्येक संस्थांत त्यानंतर वर्षानुवर्षे त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. तरी सगळ्या डोमेनचा विश्वास या खात्याच्या पासवर्डवर उभा असतो. कर्मचारी सकाळी पासवर्ड टाकून संगणक उघडतो तेव्हा डोमेन कंट्रोलर त्याला एक तिकीट देतो. केर्बरॉसच्या भाषेत याला टीजीटी म्हणतात. फाइल सर्व्हर, मेल, डेटाबेस अशा कोणत्याही सेवेकडे जाताना त्याचा संगणक हे तिकीट डोमेन कंट्रोलरला दाखवतो आणि त्या सेवेपुरते वेगळे तिकीट मिळवतो. टीजीटी खरे की खोटे हे ठरवण्याची मुख्य कसोटी एक: ते krbtgt च्या किल्लीने उलगडते का? उलगडले, तर आत लिहिलेले नाव, गट आणि मुदत हे बहुतांशी खरे धरूनच पुढचे काम चालते.

त्यामुळे ही किल्ली चोरणाऱ्याला कोणाचाही पासवर्ड लागत नाही. तो स्वतःच तिकीट लिहितो, त्यात स्वतःला डोमेन अ‍ॅडमिन ठरवतो आणि मुदतही आपल्या मर्जीने घालतो. बेंजामिन डेल्पी यांच्या मिमिकॅट्झ या साधनाने हे काम एका ओळीच्या आज्ञेवर आणले. 2014 च्या ब्लॅक हॅट परिषदेत डेल्पी आणि स्किप डकवॉल यांनी ते जगासमोर मांडले, आणि तेव्हापासून अशा बनावट तिकिटाला ‘गोल्डन तिकीट’ हे नाव रूढ आहे. मिमिकॅट्झने बनवलेल्या तिकिटाची ठरावीक मुदत दहा वर्षांची असते. घुसखोरी उघडकीस आल्यावर सगळ्या अ‍ॅडमिन मंडळींचे पासवर्ड बदलले, तरी या तिकिटाला धक्का लागत नाही, कारण ते त्या पासवर्डांपासून बनलेलेच नसते. ते निकामी करायचे, तर ज्या किल्लीने ते बांधले ती किल्ली डोमेनच्या स्मरणातून गेली पाहिजे.

यावरचा उपाय प्रत्येक मार्गदर्शिकेत एका ओळीत सापडतो: krbtgt चा पासवर्ड दोनदा बदला. या ओळीतल्या ‘दोनदा’ या शब्दाकडे सगळ्यांचे लक्ष जाते. खरे कसब मात्र त्या दोन बदलांमध्ये किती वेळ जाऊ द्यायचा आणि तो कोणत्या क्षणापासून मोजायचा, यात आहे. लोकांची लॉगिन तुटतात ती बहुतेक वेळा पासवर्ड बदलल्यामुळे तुटत नाहीत. पहिला बदल सगळीकडे पोचायच्या आत दुसरा केला, किंवा घड्याळ चुकीच्या क्षणापासून लावले, म्हणून तुटतात.

दोनदा का, हे आधी पाहू. डोमेन कंट्रोलर krbtgt च्या दोन किल्ल्या जवळ बाळगतो: चालू आणि तिच्या आधीची. नवी तिकिटे चालू किल्लीने बांधली जातात. पण समोर आलेले तिकीट आधीच्या किल्लीने बांधलेले असेल, तर तेही चालते. ही सोय नसती, तर पासवर्ड बदलताक्षणी डोमेनमधले प्रत्येक टीजीटी बाद झाले असते. घुसखोराने चोरलेल्या किल्लीला ‘क’ म्हणू. पहिल्या बदलानंतर चालू किल्ली ‘ख’ होते आणि ‘क’ आधीच्या जागी सरकते. म्हणजे प्रामाणिक वापरकर्त्यांची जुनी तिकिटे चालतात, आणि घुसखोराचीही. दुसऱ्या बदलानंतर चालू किल्ली ‘ग’, आधीची ‘ख’, आणि ‘क’ कुठेच उरत नाही. वापरकर्त्याला सांभाळणारी आणि घुसखोराला सांभाळणारी सोय एकच आहे. आपल्याला हवे ते इतकेच, की ‘क’ नाहीशी होईल त्या क्षणी तिच्यावर अवलंबून असलेले एकही खरे तिकीट शिल्लक नसावे.

तो क्षण केव्हा येतो? टीजीटीची मुदत ठरावीक धोरणानुसार दहा तासांची असते. ग्रुप पॉलिसीत Maximum lifetime for user ticket या नावाने ती दिसते, आणि एखाद्या संस्थेत कोणी ती वाढवून ठेवलेली असू शकते. म्हणून दहा हा आकडा गृहीत न धरता आधी तिथे पाहावे. घड्याळांतल्या फरकासाठी केर्बरॉस पाच मिनिटांची सूट देते, तीही धरावी. मायक्रोसॉफ्ट दोन बदलांमध्ये किमान दहा तास थांबायला सांगते, त्यामागचा हिशेब हाच.

इथे एक रास्त शंका येते. त्याच धोरणात तिकिटाचे नूतनीकरण सात दिवसांपर्यंत करता येते असेही लिहिलेले असते. मग सात दिवस थांबायला नको का? नको. मुदत संपलेल्या तिकिटाचे नूतनीकरण होत नाही. ते दहा तासांच्या आतच करून घ्यावे लागते. नूतनीकरण करताना डोमेन कंट्रोलर जुने तिकीट ‘क’ ने उलगडतो, पण परत देतो ते ‘ख’ ने बांधून. म्हणजे पहिल्या बदलानंतरच्या दहा तासांत प्रत्येक खऱ्या टीजीटीच्या वाट्याला तीनपैकी एक गोष्ट येते: ते संपते, ते नव्या किल्लीवर नूतन होते, किंवा त्याच्या जागी पूर्णपणे नवे तिकीट घेतले जाते. तिन्ही वाटा ‘क’ पासून दूर जाणाऱ्या आहेत. सात दिवस थांबणे म्हणजे घुसखोराला आणखी सहा दिवस देणे, आणि त्या बदल्यात वापरकर्त्यांच्या पदरात काहीच पडत नाही.

मात्र या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे, आणि नेमकी तीच प्रत्यक्षात ढासळते. ती म्हणजे पहिल्या बदलानंतर डोमेनमध्ये ‘क’ ने बांधलेले एकही नवे तिकीट निघत नाही. पासवर्ड बदलला जातो एका डोमेन कंट्रोलरवर, आणि तिथून तो रेप्लिकेशनने बाकीच्यांकडे जातो. एकाच साइटमध्ये हे काही सेकंदांत होते. दोन साइटमधल्या दुव्याचा ठरावीक कालावधी मात्र 180 मिनिटांचा असतो. ज्या डोमेन कंट्रोलरला नवी किल्ली अजून मिळालेली नाही, तो पूर्वीसारखाच ‘क’ ने तिकिटे बांधत राहतो, आणि त्याने दिलेल्या शेवटच्या तिकिटालाही पूर्ण दहा तासांचे आयुष्य असते. म्हणून दहा तासांचे घड्याळ बदलाची आज्ञा दिली तेव्हापासून लावायचे नाही. सर्वांत मागे राहिलेल्या डोमेन कंट्रोलरला नवी किल्ली मिळाली, त्या क्षणापासून लावायचे.

एक उदाहरण घेऊ. मुख्यालयात दोन डोमेन कंट्रोलर आहेत, तीन शाखांत प्रत्येकी एक. शनिवारी रात्री 8 वाजता पीडीसी एम्युलेटरची भूमिका असलेल्या कंट्रोलरवर पहिला बदल केला. विंडोज नवा पासवर्ड विचारते, पण आपण काय टाइप केले याला अर्थ नसतो; या खात्यासाठी डोमेन कंट्रोलर स्वतःच यादृच्छिक आणि मजबूत पासवर्ड तयार करतो. पासवर्ड पुरेसा लांब आहे का, तो कोणाजवळ ठेवायचा, हे प्रश्न त्यामुळे उरत नाहीत. रेप्लिकेशन हाताने सुरू केल्यावर मुख्यालयातला दुसरा कंट्रोलर दोन मिनिटांत नव्या किल्लीवर आला आणि दोन शाखा साडेआठपर्यंत आल्या. तिसऱ्या शाखेची लाइन बंद होती. ती रात्री 11:40 ला सुरू झाली आणि तेव्हाच तिथे किल्ली पोचली. त्या शाखेत कोणी 11:30 ला तिकीट घेतले असेल, तर ते ‘क’ ने बांधलेले असणार आणि रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत जिवंत असणार. आठ वाजल्यापासून दहा तास मोजून पहाटे 6 वाजता दुसरा बदल केला, तर हे पूर्णपणे प्रामाणिक तिकीट साडेतीन तास आधीच मरते. 11:40 पासून मोजले, तर दुसरा बदल 9:45 नंतर होतो आणि कोणालाही काही कळत नाही.

लाइन सकाळपर्यंत आलीच नाही आणि तरीही पहाटे दुसरा बदल करून टाकला, तर गोष्ट आणखी बिघडते. आता बाकी सगळ्या कंट्रोलरांकडे ‘ग’ आणि ‘ख’ आहेत, तर त्या शाखेत अजून ‘क’ चालू आहे. दोन्ही बाजूंत एकही किल्ली सामाईक उरली नाही. दुवा जोडला गेला, की नव्या किल्ल्या तिथे पोचेपर्यंत शाखेत मिळालेले टीजीटी मुख्यालय नाकारते आणि मुख्यालयातले टीजीटी शाखा नाकारते. पासवर्ड बरोबर, खाते चालू, नेटवर्कही चालू, तरी सेवा उघडत नाही, अशा तक्रारी मग हेल्पडेस्ककडे येऊ लागतात.

हे टाळण्यासाठी अंदाजावर विसंबायची गरज नाही. किल्ली कुठे पोचली आहे हे विचारता येते. पुढची आज्ञा प्रत्येक डोमेन कंट्रोलरकडची या खात्याची नोंद दाखवते. डोमेनचे नाव अर्थातच आपले घालायचे:

```
repadmin /showobjmeta * "CN=krbtgt,CN=Users,DC=example,DC=local"
```

आलेल्या उत्तरात unicodePwd या ओळीतली आवृत्ती आणि वेळ पाहावी. ती सगळीकडे तंतोतंत सारखी असेल, तेव्हाच पहिला बदल पूर्ण झाला. एकाही कंट्रोलरकडून उत्तर आले नाही, तर ‘बहुधा पोचले असेल’ असे म्हणून पुढे जाऊ नये. तो यंत्र म्हणून जिवंत आहे की कायमचा बंद करून डिरेक्टरीतून काढायचा आहे, याचा निर्णय आधी घ्यावा. मुळात पहिल्या बदलाच्या आधीच repadmin /replsummary चालवून रेप्लिकेशन निरोगी असल्याची खात्री करून घ्यावी. ते आजारी असेल, तर krbtgt ला हात लावण्याआधी तेच दुरुस्त करायचे. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये या कामासाठी एक स्क्रिप्टही प्रसिद्ध केली. तिचे महत्त्व पासवर्ड बदलण्यात फारसे नाही, तो माउसनेही बदलता येतो. बदल प्रत्येक कंट्रोलरपर्यंत पोचला की नाही हे ती तपासते, हे तिचे खरे काम.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. घुसखोर घरात आहे, त्याच्या हाती किल्ली आहे, आणि आपण वापरकर्त्यांच्या सोयीसाठी दहा तास थांबायचे? या काळात तो नवी किल्लीही चोरणार नाही कशावरून? आक्षेप खरा आहे. डोमेन अ‍ॅडमिनचे किंवा डिरेक्टरीच्या रेप्लिकेशनचे अधिकार असलेला माणूस डीसीसिंक या पद्धतीने, डोमेन कंट्रोलरवर पाय न ठेवता, krbtgt ची ताजी किल्ली मागवून घेऊ शकतो. पण हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला, तर तो घाईच्या बाजूने उभा राहत नाही. घुसखोराकडे असा अधिकार शिल्लक असेल, तर दोन्ही बदल पाच मिनिटांत केले तरी सहाव्या मिनिटाला तो ‘ग’ घेऊन जाईल. वेगाने त्याला बाहेर काढता येत नाही. आधी त्याचे इतर रस्ते बंद करावे लागतात: त्याने तयार केलेली खाती, अ‍ॅडमिन गटांत घातलेली नावे, AdminSDHolder वर ठेवलेले हक्क, कंट्रोलरांवर बसवलेले कार्यक्रम आणि सेवा. krbtgt चे दोन बदल या कामाच्या शेवटी येतात, कारण बाकी सगळी दारे लागल्यावर उरलेले एक दार ते लावतात. चालू असलेल्या घुसखोरीच्या मध्यावर केलेला पहिला बदल उलट त्याला सावध करतो. डोमेन कंट्रोलरवर बसलेला माणूस या खात्याची नोंद वाचू शकतो आणि आपला सुगावा लागला हे ओळखतो.

तरीही काही प्रसंगी थांबणे चूक असते. घुसखोर बनावट तिकिटाने या क्षणी सर्व्हरवर फिरतो आहे, डेटा बाहेर चालला आहे किंवा फायली कूटबद्ध होऊ लागल्या आहेत, अशा वेळी दहा तासांचा हिशेब करत बसणे परवडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या फॉरेस्ट पुनर्स्थापनेच्या पद्धतीतही हा पासवर्ड दोनदा बदलण्याची पायरी आहे, कारण तिथे मुळात सगळे बंदच असते आणि सांभाळायला एकही जिवंत तिकीट नसते. चालत्या डोमेनमध्ये असा लागोपाठ बदल करायचा झाला, तर जाहीर करून, ठरलेल्या वेळी आणि बाहेरचा संपर्क तोडून करावा. दोन्ही वाटांत रेप्लिकेशनची अट मात्र तीच राहते: पहिला बदल प्रत्येक कंट्रोलरपर्यंत पोचल्याशिवाय दुसरा नाही. दहा तासांची अट सोडता येते, ही सोडता येत नाही.

लागोपाठ बदलाने नेमके काय तुटते, याची कल्पना मात्र सहसा अतिरंजित असते. वापरकर्त्याचा स्वतःचा पासवर्ड जागचा हललेला नसतो. त्याने आधीच मिळवलेली सेवांची तिकिटे त्या त्या सेवेच्या किल्लीने बांधलेली असतात, krbtgt च्या नव्हे. त्यामुळे उघडी असलेली फाइल किंवा चालू असलेले डेटाबेसचे काम त्या क्षणी सहसा बंद पडत नाही. पासवर्डने लॉगिन केलेल्या विंडोज संगणकाला टीजीटी नाकारल्याचे कळले, की तो बहुधा स्मृतीतल्या माहितीवरून मुकाट्याने नवे घेतो. खरा त्रास होतो तो ज्यांना स्वतःहून नवे तिकीट घेता येत नाही त्यांना. स्मार्ट कार्डने लॉगिन करून कार्ड काढून ठेवलेला वापरकर्ता, सकाळी एकदा kinit करून दिवसभर त्याच तिकिटावर चालणारे लिनक्सवरचे काम, टीजीटी धरून बसलेला आणि नकार आल्यावर पुन्हा प्रयत्न न करणारा एखादा जावा सर्व्हर. यांची यादी पहिल्या बदलाच्या आधी तयार असावी. मग दुसऱ्या बदलानंतर ‘सगळे रीस्टार्ट करा’ असे सांगावे लागत नाही. त्या मोजक्या सेवा पुन्हा सुरू केल्या की भागते. दहा तास थांबलो, तर बहुधा तेवढेही लागत नाही.

त्या थांबण्याचा आणखी एक लाभ आहे, आणि तो वापरकर्त्यांचा नव्हे, तपास करणाऱ्यांचा. दुसऱ्या बदलानंतर ‘क’ ने बांधलेले तिकीट कोणी पुढे केले, तर ते उलगडत नाही. डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये 4769 क्रमांकाची घटना 0x1F या अपयशाच्या संकेतासह नोंदली जाते. तिकिटाची अखंडता पडताळता आली नाही, असा त्याचा अर्थ. मुदत संपलेल्या तिकिटासाठी संकेत वेगळा असतो, 0x20, आणि तो रोजच्या व्यवहारातला आहे. घाईने केलेल्या बदलानंतर 0x1F च्या नोंदींचा पूर येतो, कारण शेकडो प्रामाणिक संगणकही जुनीच तिकिटे घेऊन येतात, आणि त्या गर्दीत घुसखोराचे तिकीट सहज लपून जाते. पण सर्वांत मागच्या कंट्रोलरपासून दहा तास मोजून बदल केला असेल, तर ‘क’ चे एकही खरे तिकीट उरलेले नसते. मग अशी नोंद आली, की तिच्यातला आयपी पत्ता शोधून तो संगणक लगेच वेगळा करावा. अर्थात तिथे सुटून राहिलेले एखादे बिचारे काम निघू शकते, आणि घुसखोर ज्या यंत्रावर ठाण मांडून आहे ते यंत्रही निघू शकते.

या दोन बदलांनी काय साधत नाही, हेही त्याच काटेकोरपणे पाहायला हवे. एखाद्या सर्व्हरच्या किंवा सेवा-खात्याच्या स्वतःच्या पासवर्डपासून बनवलेली तिकिटे krbtgt च्या वाटेलाच जात नाहीत. त्यांच्यासाठी ते पासवर्ड बदलावे लागतात. संस्थेची स्वतःची सर्टिफिकेट देणारी यंत्रणा घुसखोराच्या हाती गेली असेल, तर तो ‘ग’ आल्यावरही सर्टिफिकेटच्या जोरावर रीतसर नवे टीजीटी घेतो. फक्त वाचनासाठी असलेल्या प्रत्येक डोमेन कंट्रोलरचे krbtgt_ ने सुरू होणारे वेगळे खाते असते आणि त्याची किल्ली वेगळी असते. मुख्य खाते बदलल्याने ती बदलत नाही. फॉरेस्टमध्ये अनेक डोमेन असतील, तर प्रत्येकाचे krbtgt वेगळे असते. एका उपडोमेनची किल्ली हाती असलेला घुसखोर तिकिटात मूळ डोमेनच्या एंटरप्राइझ अ‍ॅडमिन गटाची ओळख घालून वर चढू शकतो. म्हणून एका डोमेनमध्ये घुसखोरी सापडली, की हा सगळा क्रम फॉरेस्टमधल्या प्रत्येक डोमेनमध्ये करावा लागतो, आणि प्रत्येकाचे घड्याळ स्वतंत्र चालते.

शेवटी बॅकअपचा प्रश्न राहतो, आणि त्याकडे सहज दुर्लक्ष होते. दुसऱ्या बदलाच्या आधी घेतलेल्या डोमेन कंट्रोलरच्या प्रत्येक बॅकअपमध्ये ‘क’ सुखरूप असते. एकच कंट्रोलर त्यातून उभा केला, तर चिंता नाही. शेजाऱ्यांकडून नवी किल्ली येते आणि जुनी मागे पडते. पण उद्या एखाद्या रॅन्समवेअरने सगळे कंट्रोलर गेले आणि अख्खे डोमेन त्या जुन्या बॅकअपवरून उभे करावे लागले, तर घुसखोराने जपून ठेवलेले दहा वर्षांच्या मुदतीचे तिकीट पुन्हा चालू लागते. म्हणून दुसरा बदल सगळीकडे पोचल्याची खात्री झाली, की त्याच दिवशी नवा बॅकअप घ्यावा आणि आधीच्या प्रत्येक संचावर तारखेसह लिहून ठेवावे: यातून डोमेन उभे केल्यास वापरकर्त्यांना आत घेण्यापूर्वी krbtgt दोनदा बदलणे.